एक डोकं, दोन ठोके

सप्टेंबरातली संध्याकाळ. विदर्भात कपाशी या दिवसांत छातीपर्यंत येते आणि फवारणीचं औषध वाऱ्याने परत फवारणाऱ्याच्याच अंगावर येतं. पाठीवर पंप घेऊन सकाळपासून ओळींतून फिरलेला चाळिशीचा माणूस मोटरसायलवर मधे बसवून ग्रामीण रुग्णालयात आणला जातो. बायको सांगते, "साहेब, दुपारपासून उलट्या चालू हायेत. आता तोंडातून फेस येऊन राहिला." डोळ्यांतून पाणी वाहतंय, शर्ट घामाने चिंब आहे, पायजम्यातच लघवी झाली आहे. छातीला स्टेथोस्कोप लावला तर पाण्यात नळीने फुंकर मारावी तसा बुडबुड्यांचा आवाज येतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. आणि पोटरीकडे नीट पाहिलं तर कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तसे स्नायू थरथरताना दिसतात.

हा एक रुग्ण नव्हे. दर पावसाळ्यात येणाऱ्या कित्येक रुग्णांचं हे एकत्र चित्र आहे. औषधशास्त्र शिकवताना मी वर्गात पहिल्या दिवशी तेच उभं करतो. कारण मस्करिनिक आणि निकोटिनिक रिसेप्टरचा जो तक्ता विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात, तो पूर्णपणे या माणसाच्या अंगावर उमटलेला असतो. बुडबुडे आणि बाहुल्या तक्त्याच्या एका अर्ध्यात बसतात, पोटरीतली थरथर दुसऱ्या अर्ध्यात. आपल्याकडचं सगळ्यात हुकमी औषध मात्र यातल्या एकाच अर्ध्यावर चालतं. हे ज्याला कळलं, तो डॉक्टर तिसऱ्या दिवशी रुग्णाची मान तपासतो.

आता तक्त्याकडे येऊ. आपल्या शरीरात मज्जातंतू संपतो तिथे आणि पुढचा स्नायू किंवा ग्रंथी सुरू होते तिथे, मधे एक बारीकशी फट असते. तंतू ही फट रसायन सोडून ओलांडतो. अशा रसायनांपैकी एक म्हणजे ॲसिटिलकोलीन. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्स इथे बेडकाची दोन हृदयं वेगवेगळ्या भांड्यांत धडधडत ठेवली. एका हृदयाच्या व्हेगस मज्जातंतूला विजेचा चटका दिला तेव्हा ते मंदावलं. मग त्याच्या भोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. तंतू काहीतरी द्रव्य सोडतो हे त्यातून कळलं, आणि ते द्रव्य ॲसिटिलकोलीन निघालं.

त्याआधीच, १९१४ मध्ये, लंडनमध्ये हेन्री डेल यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. ॲसिटिलकोलीनचे काही परिणाम मस्करीन या विषासारखे होते. हे विष लाल टोपीच्या विषारी अळंबीत सापडतं. बाकीचे परिणाम तंबाखूतल्या निकोटीनसारखे होते. रसायन एकच असलं तरी ते ज्या ठिकाणी जाऊन बसतं ती ठिकाणं दोन जातींची असली पाहिजेत, हा त्याचा अर्थ. या ठिकाणांना रिसेप्टर म्हणतात, आणि त्यांची दोन नावं अजूनही त्या दोन विषांवरूनच चालतात. डेल आणि लोवी यांना १९३६ चं नोबेल एकत्र मिळालं.

दोन्ही जातींतला फरक लक्षात ठेवायला मी मुलांना एक ओळ देतो: 'न नळाचा, म मध्यस्थाचा.' निकोटिनिक रिसेप्टर हा स्वतःच नळ आहे. पाच तुकडे गोलाकार उभे राहतात आणि मधे भोक असतं. ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू येऊन चिकटले की भोक उघडतं, सोडियम आत धावतो आणि पेशी चेतते. हे सगळं मिलिसेकंदाच्या हिशोबात होतं. त्याला निरोप्या लागत नाही. म्हणूनच तुम्ही हात उचलायचा म्हणता आणि तो त्याच क्षणी उचलला जातो.

मस्करिनिक रिसेप्टरला भोक नाही. तो पेशीच्या कातडीत सात वेळा आतबाहेर शिवलेला धागा आहे. ॲसिटिलकोलीन बाहेरून त्याला चिकटलं की आतल्या बाजूला वाट पाहत असलेलं जी प्रोटीन जागं होतं. ते एखाद्या एन्झाइमला हलवतं आणि ते एन्झाइम पेशीत नवी रसायनं तयार करतं. पुस्तकांत याच नव्या रसायनांना 'सेकंड मेसेंजर' म्हणतात. पहिला निरोप ॲसिटिलकोलीन दारापर्यंत आणतं आणि घरात तो पोचवणारा हा दुसरा निरोप्या. या वाटेला वेळ लागतो. तोंडाला पाणी सुटायला क्षणभर जातो तो यामुळेच.

मस्करिनिकचे पाच प्रकार आहेत, एम१ ते एम५. इथेच विद्यार्थी अडखळतात, कारण प्रत्येकाचा निरोप्या वेगळा पाठ करत बसतात. तशी गरज नाही. 'सम शमवी, विषम चेतवी.' एम२ आणि एम४ हे सम आकडे. ते जीआय नावाच्या प्रोटीनमार्फत पेशीला शांत करतात. एम१, एम३ आणि एम५ हे विषम. ते जीक्यू प्रोटीनमार्फत पेशीला चेतवतात. या दुसऱ्या ओळीत पाचही प्रकार बसले.

आता ते कुठे असतात? 'एक डोकं, दोन ठोके, तिसरं ओलं आणि आखडलेलं.' एम१ मुख्यतः मेंदूत. एम२ हृदयात, आणि हृदयाचे ठोके 'लब-डब' असे दोन, म्हणून आठवायला सोपं. एम३ ग्रंथींमध्ये, जिथे तो ओल आणतो, आणि आतड्यांच्या, श्वासनळ्यांच्या, मूत्राशयाच्या, बाहुलीच्या स्नायूंमध्ये, जिथे तो आकुंचन करवतो. एम४ आणि एम५ बहुतांशी मेंदूतले. पलंगाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला रोजच्या कामात त्यांची फारशी गरज पडत नाही, म्हणून मी त्यांच्यावर वेळ घालवत नाही.

निकोटिनिकचे कामाचे दोन प्रकार: एनएम म्हणजे हातापायांच्या, छातीच्या, मानेच्या स्नायूंवरचा, आणि एनएन म्हणजे मज्जातंतूंच्या गाठींमधला, ज्यांना गँग्लिया म्हणतात. 'एम' मसलचा, 'एन' न्यूरॉनचा. हे मुलं आपोआप लक्षात ठेवतात.

हे सगळं एका कागदावर मांडलं तर असं दिसतं:

| रिसेप्टर | मुख्य ठिकाण | वाट | परिणाम |
|---|---|---|---|
| एम१ | मेंदू | जीक्यू: कॅल्शियम वाढतं | चेतना |
| एम२ | हृदय | जीआय: सायक्लिक एएमपी घटतं, पोटॅशियम बाहेर | ठोके मंद |
| एम३ | ग्रंथी, आतले स्नायू, बाहुली | जीक्यू: कॅल्शियम वाढतं | ओल, आकुंचन |
| एनएम | हातापायांचे, श्वासाचे स्नायू | नळ उघडतो, सोडियम आत | हालचाल |
| एनएन | गँग्लिया | नळ उघडतो, सोडियम आत | पुढचा तंतू चेततो |

तिसरा रकाना नुसता घोकण्यापेक्षा एकदा समजून घेतला की कायमचा राहतो. एम३ घ्या. जीक्यू प्रोटीन फॉस्फोलायपेज सी नावाच्या एन्झाइमला जागं करतं. ते पेशीच्या कातडीतला एक मेदरेणू कापून त्याचे दोन तुकडे करतं. त्यातला आयपी३ हा तुकडा पेशीत पोहत जाऊन कॅल्शियमच्या साठ्याचं दार उघडतो. कॅल्शियम सुटलं की स्नायूची पेशी आखडते आणि लाळग्रंथीची पेशी लाळ सोडते. म्हणजे 'ओलं' आणि 'आखडलेलं' ही एकाच कॅल्शियमची दोन कामं आहेत. पेशी कसली यावर काम ठरतं.

एम२ ची वाट उलटी. जीआय प्रोटीनचा एक भाग सायक्लिक एएमपी बनवणारं एन्झाइम दाबतो. दुसरा भाग तर मधल्या कुणाचीही वाट न पाहता शेजारचा पोटॅशियमचा नळच उघडतो. पोटॅशियम बाहेर गेला की हृदयाची लय ठरवणाऱ्या पेशीला पुढच्या ठोक्यापर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. व्हेगसने हृदय इतक्या चटकन मंदावतं ते या दुसऱ्या भागामुळे.

आता तो फवारणीवाला माणूस पुन्हा समोर आणू. कीटकनाशकांचा एक मोठा गट ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणून ओळखला जातो. क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही त्यातली नावं शेतकऱ्यांच्या तोंडात असतात. ॲसिटिलकोलीन आपलं काम झाल्यावर लगेच तोडलं जावं यासाठी फटीत कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. त्याचा एक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो. ऑर्गॅनोफॉस्फेट त्याच एन्झाइमला चिकटून त्याला बंद पाडतं. मग ॲसिटिलकोलीन साचतं, आणि शरीरातला प्रत्येक मस्करिनिक आणि निकोटिनिक रिसेप्टर एकाच वेळी चेतत राहतो.

म्हणून तक्ता जसाच्या तसा दिसतो. एम३ मुळे लाळ, डोळ्यांचं पाणी, घाम. त्याच एम३ मुळे आतडी आखडून जुलाब, मूत्राशय आखडून लघवी, बाहुल्या बारीक. छातीतले बुडबुडे हे श्वासनळ्यांत साचलेलं पाणी, आणि रुग्ण बहुतेक वेळा यानेच मरतो. एम२ मुळे नाडी मंद. मेंदूतल्या रिसेप्टरमुळे गोंधळ, झटके. आणि एनएममुळे पोटरीतली थरथर.

पण काही रुग्णांची नाडी मंद नसून १३० असते. रक्तदाब वाढलेला असतो. एखाद्याच्या बाहुल्या मोठ्या असतात. नवखा डॉक्टर इथे गोंधळतो आणि विषबाधेचं निदानच सोडून देतो. उत्तर एनएनच्या ओळीत आहे. गँग्लियामधून दोन्ही तंतुसंस्था जातात, शांत करणारी आणि धावपळ करवणारी सुद्धा. शिवाय मूत्रपिंडावर बसलेली ॲड्रिनल ग्रंथी हीसुद्धा एनएनवरच चालते आणि ॲड्रेनलीन सोडते. एम२ नाडी खाली ओढतो, एनएन वर ओढतो. कोण जिंकतं ते विषावर, मात्रेवर आणि वेळेवर ठरतं. म्हणून नाडी वेगात आहे एवढ्यावरून फवारणीचं विष नाही असं कधी म्हणू नये. छाती ओली आणि बाहुल्या बारीक, ही जोडी जास्त भरवशाची.

घामाचं एक गुपित इथेच सांगायला हवं. घामाच्या ग्रंथींना धावपळीच्या, म्हणजे सिंपथेटिक तंतूंचा पुरवठा असतो. तरीही ते तंतू शेवटी ॲसिटिलकोलीनच सोडतात आणि ग्रंथीवर एम३ च असतो. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. रुग्णाची काख कोरडी झाली का हे तपासणं उपचारात का महत्त्वाचं आहे, तेही यातूनच कळतं.

उपचाराची सुरुवात कपडे काढून, साबणाच्या पाण्याने अंग धुऊन आणि प्राणवायू लावून होते. मग ॲट्रोपिन. ते मस्करिनिक रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि ॲसिटिलकोलीनला बसू देत नाही. आपल्याकडे त्याची कुपी ०.६ मिलिग्रॅमची मिळते. मंदावलेल्या नाडीसाठी एरवी एक-दोन कुप्या पुरतात. इथला हिशोब वेगळाच आहे.

समजा आपल्या रुग्णाला पहिल्यांदा तीन कुप्या दिल्या, म्हणजे १.८ मिलिग्रॅम. पाच मिनिटं थांबून छाती ऐकली. बुडबुडे तसेच. मग दुप्पट, ३.६. पुन्हा पाच मिनिटं. काख ओली, छाती ओली. पुन्हा दुप्पट, ७.२. आतापर्यंत १२.६ मिलिग्रॅम, २१ कुप्या झाल्या आणि दहाच मिनिटं गेली आहेत. आवाज कमी झालाय, पण गेलेला नाही. चौथ्यांदा १४.४. एकूण २७ मिलिग्रॅम, ४५ कुप्या. विसाव्या मिनिटाला छाती स्वच्छ वाजते, काख कोरडी लागते, नाडी ८० च्या वर आणि वरचा रक्तदाब ८० च्या वर येतो. आता दुप्पट करणं थांबवायचं, आणि दिलेल्या एकूण मात्रेच्या दहा ते वीस टक्के दर तासाला सलाइनमधून चालू ठेवायचे. या रुग्णात ते तासाला २.७ ते ५.४ मिलिग्रॅम होतात.

या वाटेवर दोन चुका नेहमी होतात. पहिली, नाडी १२० झाली म्हणून घाबरून ॲट्रोपिन थांबवणं, छाती अजून ओली असताना. नाडीचा वेग हे थांबण्याचं कारण नाही. छाती ओली असेल तर पुढची मात्रा द्यायलाच हवी. दुसरी चूक उलटी: बाहुल्या पूर्ण मोठ्या होईपर्यंत ओतत राहणं. बाहुल्या उशिरा बदलतात, आणि एका डोळ्यात विषाचा शिंतोडा गेला असेल तर त्या डोळ्याची बाहुली बारीकच राहते. तोवर जास्तीचं ॲट्रोपिन मेंदूतले रिसेप्टर अडवतं. रुग्ण बडबडतो, अंथरुणावरची न दिसणारी काडी वेचत राहतो. घाम बंद झाल्याने ताप चढतो, पोटावर स्टेथोस्कोप लावला तर आतडी गप्प असतात.

हे दुसरं चित्र आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. ते धोत्र्याचं आहे. शंकराला वाहतात त्या धोत्र्याच्या बियांत ॲट्रोपिन आणि त्याची भावंडं असतात. धोत्रा पोटात गेलेल्या माणसाच्या बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, कातडी तापलेली आणि लाल, लघवी अडलेली, मन भ्रमात. तक्त्यातल्या एम१, एम२ आणि एम३ च्या तिन्ही ओळी उलट्या वाचा, की धोत्र्याची विषबाधा तयार होते. त्याच्या हातापायांतलं बळ मात्र शाबूत असतं. तो पलंगावरून उठून पळू शकतो, कारण धोत्रा निकोटिनिकच्या दोन ओळींना हातच लावत नाही.

आपल्या रुग्णातही ॲट्रोपिनने निकोटिनिकच्या ओळींना हात लावलेला नाही. छाती कोरडी झाली, बाहुल्या सावरल्या, माणूस बोलू लागला, पण पोटरीतली थरथर तशीच राहते. नर्स विचारते, "सर, एवढं ॲट्रोपिन दिलं तरी पाय फडफडतायत?" फडफडणारच. तिथे एनएम आहे. ॲट्रोपिनच्या पंचेचाळीस कुप्या त्याच्यापुढे एका कुपीइतक्याच.

आणि धोका थरथरीत नाही, थरथर थांबण्यात आहे. निकोटिनिक रिसेप्टर हा नळ आहे हे आठवा. नळ सतत उघडा ठेवला तर स्नायूची पेशी पुन्हा आराम करून नव्या हुकमासाठी तयार होऊच शकत नाही. आधी ती फडफडते, मग थकून बंद पडते. हातपाय बंद पडले तर माणूस जगतो. श्वासाचे स्नायू बंद पडले तर जगत नाही.

हे बंद पडणं कित्येकदा सगळं ठीक झाल्यासारखं वाटल्यावर येतं. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये हे पहिल्यांदा नीट वर्णन करून मांडलं आणि त्याला 'इंटरमिजिएट सिंड्रोम' असं नाव दिलं. विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत, पहिलं संकट ओसरल्यावर, मानेचे आणि खांद्याजवळचे स्नायू कमजोर होतात आणि त्यामागून श्वास कमी पडू लागतो. यावर ॲट्रोपिनचा उपयोग नाही. यंत्राने श्वास देत राहायचं आणि एन्झाइम पुन्हा तयार होईपर्यंत वाट पाहायची, एवढाच उपाय. वेळेवर श्वास मिळाला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

ओळखायची खूण मात्र इतकी साधी आहे की तिला कुठलंही यंत्र लागत नाही. रुग्णाला उताणं झोपवा आणि सांगा, "दादा, उशीवरून डोकं उचला आणि धरून ठेवा." ज्याला हे जमत नाही, त्याला वॉर्डातून अतिदक्षता विभागात हलवायची वेळ आली आहे. मान हा धोक्याचा पहिला दिवा आहे. श्वास अजून बरा दिसत असतानाच तो लागतो.

मग निकोटिनिक बाजूसाठी औषधच नाही का? आहे, पण त्याची गोष्ट सरळ नाही. प्रॅलिडॉक्झिम, ज्याला डॉक्टर 'पाम' म्हणतात, ते रिसेप्टरशी झगडतच नाही. ते बंद पडलेल्या एन्झाइमवरून विष खेचून काढतं. एन्झाइम सुटलं की मस्करिनिक आणि निकोटिनिक, दोन्ही बाजू एकदम सुटतात. तर्काने हेच खरं औषध ठरायला हवं. अडचण वेळेची आहे. विष एन्झाइमला चिकटल्यावर काही काळाने ती गाठ पक्की होते आणि मग पाम ती सोडवू शकत नाही. मोनोक्रोटोफॉसच्या जातीतल्या विषांत अर्ध्या गाठी पावणेचार तासांच्या आसपास पक्क्या होतात, तर क्लोरपायरिफॉसच्या जातीत त्याला तेहतीस तासांच्या आसपास लागतात. दुपारी विष लागलेला माणूस कोणतं औषध फवारत होता, यावर संध्याकाळी पाम उपयोगी पडेल का हे ठरतं.

म्हणूनच या औषधाबद्दलचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये बारामतीतल्या एका रुग्णालयातला अभ्यास छापून आला. मध्यम तीव्रतेच्या दोनशे रुग्णांत पाम सतत मोठ्या मात्रेत ठेवलेल्या शंभर जणांपैकी एकाचा मृत्यू झाला, तर दर चार तासांनी थोडं थोडं दिलेल्या शंभरांपैकी आठ जणांचा. पण २००९ मध्ये श्रीलंकेतल्या अभ्यासात पामने मृत्यू कमी झाले नाहीत. विष पिऊन उशिरा आलेला गंभीर रुग्ण आणि लवकर पोचलेला मध्यम रुग्ण, हे एकाच औषधाला सारखे कसे वागतील? माझं मत असं की पाम लवकर आणि पुरेशा मात्रेत द्यायला हरकत नाही, पण ते दिलं म्हणून मान तपासायचं थांबवणं ही घोडचूक आहे.

तक्ता सगळीकडे खरा ठरतो असंही नाही, आणि त्याची एक फट मला फार आवडते. एम३ म्हणजे आकुंचन, हे पाठ करून मुलं रक्तवाहिन्यांकडे येतात आणि चुकतात. ॲसिटिलकोलीनने रक्तवाहिनी सैल होते. रॉबर्ट फर्चगॉट न्यूयॉर्कमध्ये सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत, तेव्हा कधी त्या आखडत तर कधी सैल होत. शेवटी कारण सापडलं: पट्टी कापताना आतलं नाजूक अस्तर घासून निघालं की ती आखडे, अस्तर शाबूत राहिलं की सैल होई. हा शोध त्यांनी १९८० मध्ये छापला. एम३ अस्तराच्या पेशींत असतो. तिथेही तो जीक्यूमार्फत कॅल्शियम वाढवतोच. पण ती पेशी स्नायू नाही. ती वाढलेल्या कॅल्शियमने नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवते. तो शेजारच्या स्नायूत झिरपतो आणि तिथे सायक्लिक जीएमपी हा तिसराच निरोप्या उभा करून स्नायू सैल करतो. फर्चगॉट यांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं, दोन सहकारी शास्त्रज्ञांसह. तक्ता खोटा नव्हता. निरोप कुणाच्या घरी पोचला, एवढं पाहायचं राहून गेलं होतं.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. फवारणीची सगळी औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट नसतात, आणि बऱ्याचदा दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळलेली असतात. हा तक्ता फक्त ऑर्गॅनोफॉस्फेट आणि त्याच्या भावकीतल्या कार्बामेट गटाला लागू पडतो. ज्याच्या अंगावर ही लक्षणं नाहीत त्याला केवळ फवारणीवाला म्हणून ॲट्रोपिन ओतत बसणं, हे त्याच्यावर दुसरं विष घालण्यासारखंच.

म्हणून घरच्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. रुग्णाला आणताना औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत आणा, सगळ्या बाटल्या मिसळल्या असतील तर सगळ्या आणा. आणि दुसऱ्या दिवशी तो उठून चहा प्यायला, बोलायला लागला, म्हणून सुट्टी मागू नका. चार दिवस थांबा, आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याला उशीवरून डोकं उचलायला सांगा. ते जमलं नाही तर पहिल्या नर्सला, पहिल्या डॉक्टरला हाक मारा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.